शाळेला गणवेशाचा प्रस्ताव देताना: पत्र कधी, कसं आणि त्यात काय

प्रश्न: आमचं लालबागला दहा मशीनचं शिलाई युनिट आहे. आत्तापर्यंत दुसऱ्यांचं जॉबवर्क केलं. आता जवळच्या एका अनुदानित मराठी शाळेला २०२६-२७ साठी गणवेश पुरवायचा प्रस्ताव थेट द्यायचा आहे. पत्रात नेमकं काय लिहायचं, दर किती फोडून द्यायचे, आणि वह्या-स्टेशनरीपण त्याच पत्रात घालू का?

उत्तर:

स्टेशनरी वेगळ्या पत्रात द्या, त्याचं कारण शेवटी सांगतो. हे पत्र फक्त गणवेशाचं ठेवा.

शाळेकडे येणाऱ्या बहुतेक प्रस्तावांत अर्धं पान ‘आमची परंपरा’ आणि ‘उत्कृष्ट दर्जा’ यावर जातं, मग दर येतो आणि पत्र संपतं. मुख्याध्यापकांना खरी चिंता वेगळीच असते. जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी मुलांच्या अंगावर मापाचा गणवेश असेल का? नसेल तर पालक कोणाच्या केबिनबाहेर उभे राहतील? आणि ‘शाळेने अमुक दुकानातूनच घ्यायला लावलं’ अशी तक्रार कोणी शिक्षण निरीक्षकांकडे नेली तर? ज्या पत्रात या तीन गोष्टींची लेखी उत्तरं असतात, ते पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जातं. बाकीची फायलीत पडून राहतात. दर महत्त्वाचा आहेच, पण तो यानंतर वाचला जातो.

आधी शाळा कोणत्या प्रकारची आहे ते बघा. तुमची शाळा अनुदानित, म्हणजे चालवणारी संस्था खाजगी. इथे पत्राला अर्थ आहे. महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांना पत्र देऊन उपयोग नाही, कारण तिथे गणवेशासह शालोपयोगी वस्तू महापालिका मध्यवर्ती निविदेतून घेते आणि मुलांना मोफत देते. अनुदानित शाळेतही पत्र दोघांच्या नावे करा: मुख्याध्यापक आणि संस्थेचे कार्यवाह. फक्त मुख्याध्यापकांना दिलं तर ‘संस्थेला विचारून सांगतो’ इथे महिना जातो. फक्त कार्यवाहांना दिलं तर मुख्याध्यापकांना आपल्याला डावलल्यासारखं वाटतं, आणि रोजचं काम तर त्यांच्याशीच असतं.

आता वेळ. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणून बरेच जण मार्च-एप्रिलमध्ये पत्र घेऊन जातात. तोवर उशीर झालेला असतो. तारखा उलट्या मोजा. पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत येतो, म्हणून माल ५ जूनपर्यंत शाळेत पोचलेला हवा. भिजलेल्या टेम्पोतून उतरलेले कार्टन आणि आतल्या शर्टांवर पुठ्ठ्याचे तपकिरी डाग, हे दर वर्षी कुठे ना कुठे होतं. त्याआधी शिलाई मे महिन्यात, आणि नेमके तेव्हाच कारागीर गावाला जातात. मापं घ्यायचा सगळ्यात चांगला दिवस निकालाचा. एप्रिलच्या अखेरीस किंवा १ मेला पालक आणि मूल दोघंही शाळेत येतात, त्यानंतर दीड महिना कोणी हाती लागत नाही. कापडाची नोंदणी फेब्रुवारीत, कारण एकाच रंगाच्या लॉटमधून सगळं कापड मिळायला तेवढा अवधी लागतो. सीलबंद नमुना जानेवारीअखेर मंजूर. म्हणजे समितीचा निर्णय जानेवारीच्या सुरुवातीला, आणि पत्र दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात. डिसेंबरमध्ये स्नेहसंमेलनाची धावपळ सुरू झाली की तुमचं पत्र कोणी उघडणार नाही.

मापं एप्रिलअखेर मिळणार असतील तर फेब्रुवारीत कापड कशाच्या जोरावर घ्यायचं, हा पुढचा प्रश्न. कापडाला नंबर नसतो. इयत्तावार पट मिळाला की मीटरचा अंदाज पुरेसा पक्का येतो, फक्त कटिंग मापं आल्यावर करायचं. एक उदाहरण मांडतो. शाळेचा पट ४२०, पहिली ते दहावी. सगळे घेणार नाहीत, कारण कोणाला मागच्या वर्षीचा होतो, कोणी मोठ्या भावाचा वापरतो. ३०० मुलं प्रत्येकी दोन जोड घेतील असं धरा. शर्ट ६००. लहान-मोठे धरून सरासरी ०.९५ मीटर पकडलं तर ५७० मीटर, आणि बदलीसाठी व वर्षाच्या मध्ये येणाऱ्या मुलांसाठी साधारण दहा टक्के वाढीव, म्हणजे ६३० मीटर. हे सगळं एका लॉटचं. पँट, स्कर्ट, ट्युनिकच्या कापडाचा हिशोब असाच वेगळा.

शिलाईची ताकदही इथेच तपासा. दहा मशीनपैकी आठ चालू धरा आणि एका कारागिराचे दिवसाला आठ-नऊ शर्ट धरा, तर दिवसाला ७० च्या आसपास नग निघतात. ६०० शर्टांना नऊ दिवस, आणि पँट-ट्युनिकचे ६०० नग दिवसाला ६० ने दहा दिवस. म्हणजे १९ कामाचे दिवस. २ मेला कटिंग सुरू केलं तर रविवार सोडून काम २५ मेच्या आसपास आटोपतं. इस्त्री, तपासणी आणि विद्यार्थीवार पॅकिंगला उरलेला आठवडा. हे जमतं, पण मे महिन्यात दुसरं जॉबवर्क घेतलं नाही तरच. पीटीचे टी-शर्ट स्वतः करू नका. ते विणीचं कापड आहे, त्याला वेगळी मशीन लागते. तिरुपूरहून किंवा मुंबईतल्या विणीच्या कारखान्यातून तयार घ्या आणि ऑर्डर फेब्रुवारीतच द्या.

पैशाचा अंदाजही पत्राआधी करा. अनुदानित शाळा आगाऊ रक्कम देऊ शकेल असं धरू नका. शर्टाचं ६३० मीटर कापड ₹१२० ने घेतलं तर ₹७५,६०० होतात, आणि पँट-ट्युनिकचं कापड महाग, तेवढेच किंवा जास्त लागतात. म्हणजे दीड लाखाच्या पुढे रक्कम फेब्रुवारीत अडकते आणि जूनमध्ये सुटते. हे झेपणार नसेल तर सगळ्या शाळेचा प्रस्ताव देऊ नका. फक्त पहिली आणि पाचवीचा द्या. या दोन वर्गांत बहुतेक मुलांना नवीन गणवेश लागतोच: पहिलीत प्रवेशामुळे, आणि पाचवीत बऱ्याच शाळांत हाफ पँटची फुल पँट होते म्हणून.

दर शाळेला किती फोडून दाखवायचा, यावर माझं मत असं: स्वतःसाठी पूर्ण फोड करा, शाळेला मापाच्या तीन गटांचा अंतिम दर द्या. नगामागे शिलाई किती, कापड किती हे पत्रात लिहिलं की चर्चा तुमच्या कारागिराच्या मजुरीवर येते आणि तिथे कपात मागितली जाते. तुमच्या वहीतली फोड अशी दिसेल. हे आकडे हिशोबाची पद्धत दाखवण्यापुरते आहेत, तुमच्या खरेदीचे घाला. हाफ शर्ट, ३० नंबर: कापड ०.९५ मीटर, ₹१२० ने ₹११४. कटिंग-शिलाई ₹६०. काज-बटण, लेबल, इस्त्री, पिशवी ₹१८. वाहतूक ₹५. एकूण ₹१९७. त्यात बदली आणि पडून राहणाऱ्या मालापोटी पाच टक्के, म्हणजे ₹१०. झाले ₹२०७. तुम्ही करासह ₹२६० दर लावला तर पाच टक्के जीएसटी वजा जाता ₹२४७.६२ उरतात आणि शर्टामागे साधारण ₹४० सुटतात. बदलीचे ते ₹१० जो धरत नाही, त्याचा नफा जूनच्या अखेरीस गोणीत भरलेल्या न खपलेल्या शर्टांच्या रूपात समोर येतो.

कराबद्दल एवढंच लक्षात ठेवा की २२ सप्टेंबर २०२५ पासून ₹२,५०० पर्यंतच्या तयार कपड्याच्या नगावर पाच टक्के जीएसटी आहे, त्यामुळे शाळेचा सगळा गणवेश त्यात बसतो. दर करासहच लिहा. ‘कर वेगळा’ असं लिहिलेला कागद पालकांच्या बैठकीत नेहमी वाईट वाचला जातो.

आता पत्र. ते दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. हा मसुदा तुमच्या तपशिलाने भरा:

दिनांक: …

प्रति,
मा. मुख्याध्यापिका / मा. कार्यवाह,
(शाळेचे व संस्थेचे नाव व पत्ता)

विषय: शैक्षणिक वर्ष २०२६-२७ साठी विद्यार्थ्यांना गणवेश पुरवण्याचा प्रस्ताव

महोदया / महोदय,

आमचे लालबाग येथे दहा मशीनचे शिलाई युनिट असून ते आपल्या शाळेपासून पायी दहा मिनिटांवर आहे. आपल्या शाळेच्या सध्याच्या गणवेशाप्रमाणे, रंग व नमुन्यात कोणताही बदल न करता, पहिली ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी गणवेश पुरवण्याचा प्रस्ताव सादर करीत आहोत.

कापड: शर्टासाठी पॉलिस्टर-कॉटन ६७:३३. पँट, स्कर्ट व ट्युनिकसाठी पॉलिस्टर-व्हिस्कोस ६५:३५. दोन्हींचे तुकडे सोबत जोडले आहेत. संपूर्ण वर्षाचा माल एकाच रंगाच्या लॉटमधून शिवला जाईल.

शिलाई: पँट व ट्युनिकला खाली दोन इंच व बाजूला अर्धा इंच माया ठेवली जाईल, जेणेकरून पुढील वर्षी उंची वाढवता येईल.

दर (सर्व करांसह, प्रति नग): हाफ शर्ट: २२ ते २६ नंबर ₹२२५, २८ ते ३२ नंबर ₹२६०, ३४ ते ४० नंबर ₹३१०. इतर सर्व वस्तूंचे दर सोबतच्या दरपत्रकात आहेत. हे दर ३१ मार्च २०२७ पर्यंत कायम राहतील. वर्षाच्या मध्ये प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हेच दर लागू राहतील.

मापे व वितरण: वार्षिक निकालाच्या दिवशी शाळेत सर्व नंबरचे नमुने ठेवून विद्यार्थ्यांना घालून पाहू देऊ व नोंदणी घेऊ. तयार गणवेश विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, तुकडी व नंबर लिहिलेल्या स्वतंत्र पिशवीत ५ जून २०२६ पर्यंत शाळेत पोचवू. शाळा सुरू होण्यापूर्वीच्या शनिवारी सकाळी ९ ते १२ वाटप व बदली शाळेच्या आवारात करू.

बदली: न धुतलेला गणवेश मापात बसत नसल्यास ३० जूनपर्यंत विनामूल्य बदलून देऊ. शिलाई उसवणे, बटण निघणे या गोष्टी पूर्ण शैक्षणिक वर्षभर विनामूल्य दुरुस्त करू.

खरेदीचे स्वातंत्र्य: आमच्याकडूनच खरेदी करण्याची कोणत्याही पालकावर सक्ती राहणार नाही. कापडाचा तपशील व शर्ट-पँटचा नमुना शाळेच्या सूचनाफलकावर लावता येईल, जेणेकरून पालकांना इतरत्र शिवून घेता येईल. पालक रक्कम थेट आम्हाला देतील व प्रत्येकाला पावती दिली जाईल. या व्यवहारात शाळा, संस्था वा कर्मचारी यांना कोणतेही कमिशन दिले जाणार नाही.

आपणाकडून अपेक्षा: इयत्तावार पट, शाळेचे बोधचिन्ह या कामापुरते वापरण्याची लेखी परवानगी, निकालाच्या दिवशी एक वर्गखोली, आणि २०२६-२७ मध्ये गणवेश बदलणार नसल्याचे पत्र.

पालक-शिक्षक संघाच्या पुढील बैठकीत नमुने दाखवण्यासाठी पंधरा मिनिटे मिळावीत, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, नाव, युनिटचा पत्ता, दूरध्वनी)

सोबत: १. दरपत्रक २. कापडाचे तुकडे ३. एक शर्ट व एक पँट, ३० नंबर ४. जीएसटी नोंदणीची प्रत ५. गुमास्ता परवान्याची किंवा उद्यम नोंदणीची प्रत

या मसुद्यातले काही मुद्दे थोडे खोलात.

‘खरेदीचे स्वातंत्र्य’ हा परिच्छेद वाचून अनेकांना वाटतं, आपण स्वतःचंच गिऱ्हाईक घालवतोय. उलटं आहे. पालकांवर ठरावीक दुकानातूनच खरेदीची सक्ती करू नये, हे शिक्षण विभाग शाळांना वारंवार बजावत आला आहे. मुख्याध्यापकांना अशा प्रस्तावावर सही करायची भीती असते. तुम्हीच ती अट लिहून दिलीत तर ती भीती जाते, आणि मापाचा, एकाच रंगाचा, बदलून मिळणारा गणवेश वाजवी दरात समोर असताना बहुतेक पालक बाहेर हिंडत नाहीत. कमिशनचंही तसंच. संस्थेकडून ‘काहीतरी देणगी’ असा विषय निघाला तर सरळ सांगा की तेवढी रक्कम नगामागे दरातून कमी करतो आणि ती दरपत्रकात दिसेल. देणगी दिलीत तर ती शेवटी पालकांच्याच दरात चढते, आणि ज्या दिवशी एखादा पालक बाजारातला दर घेऊन उभा राहतो, त्या दिवशी शाळा तुमच्या बाजूने बोलू शकत नाही.

एका लॉटचा आग्रह का, तर रंगाचा फरक हा सगळ्यात जास्त तक्रारींचा विषय. एकाच शेड नंबरचं कापड दोन वेगळ्या वेळी रंगवलं गेलं की किंचित वेगळं निघतं. दुकानात ट्यूबलाइटखाली दोन्ही तागे सारखेच दिसतात, पण सकाळी प्रार्थनेला मैदानात रांग लागली की उन्हात अर्ध्या मुलांचे शर्ट पिवळसर आणि अर्ध्यांचे निळसर दिसतात. म्हणून मंगलदास मार्केटमधून किंवा भिवंडीच्या व्यापाऱ्याकडून कापड घ्या, प्रत्येक ताग्याचं टोक कापून एकमेकांवर ठेवा आणि दरवाज्याबाहेर उन्हात बघा. कटिंग करताना एका शर्टाचे सगळे भाग एकाच ताग्यातून निघतील असं बंडल बांधा. बाही एका ताग्याची आणि पाठ दुसऱ्याची झाली तर ती चूक मग झाकत नाही.

कापड आटण्याची चाचणी शाळेला नमुना देण्याआधी घरीच करा. अर्धा मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद तुकडा घ्या, पेनाने उभा-आडवा ४० सेंटिमीटरचा चौकोन आखा, रात्रभर भिजवा, धुवा, वाळवा, इस्त्री करून पुन्हा मोजा. ४० चे ३९.२ झाले तर दोन टक्के. पॉलिस्टर-कॉटनला एवढं ठीक आहे. सुती किंवा विणीच्या कापडात ते तीन-चार टक्क्यांवर गेलं, तर २४ इंच उंचीचा टी-शर्ट पहिल्या धुण्यात पाऊण ते एक इंच आखूड होतो, आणि पालकांना वाटतं तुम्ही चुकीचा नंबर दिला. याच तुकड्याला पांढऱ्या सुती कापडाची पट्टी टाचून धुतली की रंग जातो का तेही कळतं. गडद निळ्या आणि मरून कापडात हे हमखास बघा, कारण वर पांढरा शर्ट असतो आणि पावसात भिजलेलं मूल दिवसभर तसंच बसतं.

मापाचा एक बारकावा. निकालाच्या दिवशी घातलेलं माप जूनमध्ये घट्ट होण्याचीच शक्यता जास्त, सैल होण्याची जवळजवळ नाही. त्यामुळे वाढीव नग सगळ्या नंबरांत सारखे वाटू नका. समजा पाचवीत ५४ मुलांची नोंद झाली: २६ नंबर सहा, २८ नंबर सतरा, ३० नंबर अठरा, ३२ नंबर नऊ, ३४ नंबर चार. दोन शर्ट धरून १०८ होतात. वाढीव दहा नग करायचे तर ३० मध्ये चार, ३२ मध्ये चार, ३४ मध्ये दोन. २६ मध्ये शून्य. कारण २८ वाला ३० मागायला येतो आणि ३० वाला ३२. खालचे नंबर बदलीत परत येतात, ते पुढच्या वर्षी लहान वर्गाला जातात.

पण पुढच्या वर्षी जातील याची हमी काय? इथेच बोधचिन्हाचा प्रश्न येतो. शर्टाच्या खिशावर थेट भरतकाम केलं की तो शर्ट फक्त त्या शाळेचा झाला. शाळेने गणवेश बदलला किंवा दुसऱ्याला काम दिलं, तर तो कुठेही विकता येत नाही. म्हणून खिसा न लावलेले शर्ट तयार ठेवा आणि भरतकाम केलेले खिसे वेगळे ठेवा. बदलीचा शर्ट हातात आला की दहा मिनिटांत खिसा लागतो. उरलेल्या शर्टांना साधा खिसा लावून ते दुकानदाराला देता येतात. पांढरा किंवा आकाशी शर्ट अनेक शाळांना चालतो. बोधचिन्हाची परवानगी लेखी घ्या, नाहीतर संस्थेतला दुसराच कोणी ‘तुम्हाला कोणी सांगितलं’ म्हणून आडवा येतो.

सीलबंद नमुना हा शब्द पत्रात नाही, पण बैठकीत तोच करून घ्यायचा आहे. समितीने पसंत केलेला एक शर्ट आणि एक पँट पिशवीत घालून, पिशवीच्या तोंडावर मुख्याध्यापक, पालक-प्रतिनिधी आणि तुम्ही अशा तिघांच्या सह्या. एक पिशवी शाळेत, दुसरी तुमच्याकडे. जूनमध्ये कोणी म्हणालं ‘नमुन्यातलं कापड जाड होतं’, तर पिशवी उघडायची. सह्या झालेल्या नमुन्यावर वाद दहा मिनिटांत मिटतो, तोंडी वाद संपूर्ण पावसाळा चालतो.

मायेच्या ओळीबद्दल. दोन इंच माया ठेवली की प्रत्येक पँटला कापड थोडं जास्त लागतं, दर थोडा चढतो. तरी ही ओळ पत्रातून काढू नका. लालबाग-परळच्या घरांत एक पँट दोन वर्षं चालवणं हा खरा हिशोब असतो, आणि पालक-प्रतिनिधी बैठकीत पँट उलटी करून सगळ्यात आधी तेच बघतात. फक्त माया उलगडल्यावर जुनी घडी दिसणार नाही ना, ते बघा. पॉलिस्टर जास्त असलेल्या कापडात रंग कमी विटतो, म्हणून रेषा फारशी उठत नाही. सुतीत ती ठळक दिसते.

पत्र टपालाने किंवा फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. शाळेच्या कार्यालयात प्रत्यक्ष द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. आठ दिवसांनी त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून लिपिकांना विचारा की पत्र बैठकीच्या विषयपत्रिकेवर आलं का. मधली सुट्टी आणि पहिली तासिका सोडून जा. बैठकीत नमुन्याची पिशवी सोबत असू द्या, पण एकच दर सांगा. तिथल्या तिथे दर कमी केलात की पहिला दर फुगवलेला होता असंच सगळ्यांना वाटतं. कमी करायचाच असेल तर बदल्यात काहीतरी मागा: नोंदणीच्या दिवशीच पालकांनी निम्मी रक्कम भरली तर नगामागे ₹१० कमी. त्यात त्यांचाही फायदा, आणि तुमचे अडकलेले पैसे सहा आठवडे आधी सुटतात.

आता स्टेशनरी. ती वेगळी ठेवण्याची कारणं साधी आहेत. वह्यांचा निर्णय बहुतेक शाळांत विषयशिक्षक किंवा पर्यवेक्षक घेतात आणि तो एप्रिल-मेमध्ये होतो. कागदाचा दर नोव्हेंबरमध्ये बांधून दिलात तर जूनपर्यंतची वाढ तुमच्या अंगावर येते. कर वेगळा आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवर आणि पेन्सिल, खोडरबरवर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे एकाच दरपत्रकात पाच टक्के आणि शून्य असं मिसळलं की बिलात गोंधळ होतो. आणि सर्वांत मोठं कारण, गणवेशात तुम्ही स्वतः शिवता, वहीत तुम्ही मधले व्यापारी आहात. अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून शाळा स्वतः घेऊ शकते तो माल तुम्ही का पुरवायचा, याचं उत्तर तुमच्याकडे असेल तरच मार्चमध्ये दुसरं पत्र द्या. पाने किती, ती मुखपृष्ठ धरून की सोडून, कागद किती जीएसएमचा आणि रेघ एकेरी, दुरेघी की चौरेघी, हे चार तपशील त्यात असायलाच हवेत. शाई मागे फुटते ती पातळ कागदामुळे, आणि पहिल्या चाचणीच्या वह्या तपासताना शिक्षकांच्या ते लगेच लक्षात येतं.